ग्रेडियंटमधले पट्टे आणि ठोकळे: पीएनजी, जेपेग की वेबपी?

प्रश्न: इलस्ट्रेशन स्टाईलमध्ये रात्रीच्या आकाशाचा मोबाइल वॉलपेपर केलाय. एक्स्पोर्ट केला की आकाशात आडवे पट्टे दिसतात आणि ग्रुपवर टाकला की चौकोनी ठोकळे येतात. पीएनजी, जेपेग की वेबपी, नक्की कशात सेव्ह करू?

उत्तर:

पट्टे आणि ठोकळे हे दोन वेगळे दोष आहेत. पट्टे बहुतेक वेळा फाइल सेव्ह होण्याआधीच चित्रात असतात, ठोकळे कॉम्प्रेशनमुळे येतात. म्हणून फॉरमॅट बदलण्याआधी चित्राकडे बघू.

समजा वॉलपेपर १०८० × २४०० आहे आणि आकाशाने त्यातले २१०० पिक्सेल उंची घेतली आहे. वर `#0B1030`, खाली `#1E2A5A`. म्हणजे लाल ११ वरून ३० वर जातो, हिरवा १६ वरून ४२ वर आणि निळा ४८ वरून ९० वर. आठ बिटमध्ये मधल्या अपूर्णांकी छटा नसतात, त्यामुळे निळ्याला २१०० पिक्सेलमध्ये फक्त ४२ पायऱ्या मिळतात. दर ५० पिक्सेलला एक. हिरव्याची पायरी साधारण ८१ पिक्सेलची, लालची ११० ची. अख्ख्या आकाशात जेमतेम ८८ रंग भरतात. फोटोत सेन्सरचा नॉइज असतो, तो या पायऱ्या आपोआप मोडतो. सपाट स्टाईलच्या चित्रात तसं काहीच नसतं, म्हणून पायरीची कड सरळ डोळ्यात भरते, आणि गडद रंगात तर जास्तच.

तपासायला आयड्रॉपर घ्या आणि शेजारच्या दोन पट्ट्यांची किंमत बघा. फरक एकाचा असेल तर ही आठ बिटांची मर्यादा आहे. फरक तीन-चारचा असेल तर मध्ये कुठेतरी रंग कापले गेलेत. पीएनजीच्या बाबतीत याचं नेहमीचं कारण म्हणजे `PNG-8`, म्हणजे २५६ रंगांचं पॅलेट. पीएनजी लहान करून देणाऱ्या बऱ्याच साइट्सही फाइल पॅलेटवरच आणतात. चंद्र, डोंगर, झाडं यांनी पॅलेट खाल्लं की आकाशाच्या वाट्याला थोडेच रंग उरतात. इमेजमॅजिक असेल तर हे एका ओळीत कळतं:

```
magick identify -format "%[png:IHDR.color_type] %z %k\n" akash.png
```

`Indexed` आलं तर फाइल पॅलेटवर आहे, कारण सापडलं. `%z` म्हणजे बिट, `%k` म्हणजे एकूण वेगळे रंग.

आठ बिटांच्या मर्यादेवर उपाय एकच: डिदरिंग, म्हणजे पायरीची कड बारीक दाण्यांनी विस्कटून टाकणं. फाइल १६ बिटमध्ये उघडा (फोटोशॉपमध्ये `Image > Mode > 16 Bits/Channel`, गिंपमध्ये `Image > Precision`) आणि ग्रेडियंट तिथे पुन्हा ओढा. जुन्या आठ बिटच्या ग्रेडियंटला नुसतं १६ बिटमध्ये नेलं तर जुन्या पायऱ्या तशाच राहतात. पुन्हा ओढणं शक्य नसेल तर १६ बिटमध्ये फक्त आकाश निवडा आणि पट्ट्याच्या रुंदीइतका, म्हणजे इथे ५० पिक्सेलच्या आसपास, गॉशियन ब्लर द्या. झाडांच्या कडा मास्कने जपा, नाहीतर त्यांचा काळा रंग आकाशात पसरेल. त्यानंतर `Add Noise`, ०.५ ते १ टक्का, `Monochromatic` वर खूण करून. शेवटी आठ बिटमध्ये आणा. नॉइज नेहमी आकार बदलून झाल्यावर द्यायचा, कारण आधी दिला तर चित्र लहान करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी निघते आणि दाणे पुसले जातात.

आता ठोकळे. जेपेग चित्राचा उजेड आणि रंग वेगळे करतं, त्यांचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकाची सरासरी व आतला चढउतार वेगवेगळे गोल करून साठवतं. वरच्या आकाशात उजेडाची एक पायरी सुमारे ८२ पिक्सेलला बदलते, म्हणजे एका चौकोनात जेमतेम एक दशांश पायरी. प्रमाण क्वांटायझेशन टेबलमध्ये क्वालिटी ७५ ला पहिल्या चढउताराचं माप ६ असतं, त्यामुळे इतका छोटा फरक गोल होऊन शून्य होतो. चौकोन सपाट होतो आणि फक्त सरासरी उरते. क्वालिटी ५० ला ती सरासरीही दोन-दोन पायऱ्यांनी उडी मारते. ग्रेडियंट सरळ उभा असेल तर फक्त पट्ट्यांच्या कडा आठच्या पटीत सरकतात. पण चंद्राभोवतीचं गोल वलय किंवा तिरका ग्रेडियंट असेल तर त्याच कडेचा जिना होतो, आणि तेच तुम्हाला दिसणारे ठोकळे. रंगाची माहिती `4:2:0` मध्ये आडवी-उभी दोन्हीकडे अर्धी केलेली असेल तर रंगाचे चौकोन १६ × १६ होतात.

याचा दुसरा परिणाम जास्त त्रासाचा आहे: तुम्ही दिलेले दाणेही असेच मरतात. एका पायरीइतका नॉइज क्वालिटी ७५ च्या मापांपुढे टिकत नाही, तो पुसला जातो आणि पट्टे परत येतात. म्हणून जेपेगच द्यायचं असेल तर नॉइज थोडा वाढवा, क्वालिटी ९५ ठेवा आणि रंग अर्धे करू नका:

```
magick akash.png -sampling-factor 4:4:4 -quality 95 akash.jpg
```

वेबपीची दोन रूपं आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. लॉसी वेबपी नेहमी `4:2:0` असतं आणि उजेड ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ मध्ये बसवतं. आपल्या आकाशात उजेडाच्या २६ पायऱ्या होत्या, त्या तिथे २२ होतात, म्हणजे पट्टे आणखी रुंद. शिवाय त्यातला फिल्टर ठोकळ्यांच्या कडा गुळगुळीत करतो. त्यामुळे ठोकळे कमी दिसतात, पण दाणेही विरघळतात. फोटोंसाठी ते उत्तम आहे, पण गडद ग्रेडियंटसाठी मी ते वापरत नाही. लॉसलेस वेबपी मात्र पीएनजीसारखं प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा ठेवतं:

```
cwebp -z 9 akash.png -o akash.webp
```

`Monochromatic` नॉइजचा फायदा इथे कळतो. दाणे तिन्ही रंगांत जवळजवळ सारखे असतात, आणि लॉसलेस वेबपी लाल-निळ्यातून हिरवा वजा करून साठवू शकतं, त्यामुळे एकच नॉइज तीनदा साठवावा लागत नाही. पीएनजीकडे ही सोय नाही. नॉइज दिल्यावर काही शे केबीची पीएनजी एक-दीड एमबीच्या पुढे गेली तर घाबरू नका, दाण्यांची ती किंमत आहे. फाइल लहान करायला तिला पुन्हा पॅलेटवर मात्र नेऊ नका.

तुमच्या वॉलपेपरसाठी: मूळ फाइल १६ बिटमध्ये जपा, लोकांना डाउनलोडला २४ बिट पीएनजी, म्हणजे तिन्ही रंगांना आठ-आठ बिट असलेली, द्या, वेबसाइटवर लॉसलेस वेबपी लावा. जेपेग फक्त जिथे दुसरं काही चालत नाही तिथे. एकदा जेपेगमधून गेलेली फाइल पीएनजी म्हणून सेव्ह केली तर ठोकळेच अचूक जपले जातात, तेव्हा एक्स्पोर्ट दरवेळी मूळ फाइलवरूनच करा.

ग्रुपचं म्हणाल तर मेसेजिंग अ‍ॅप फोटो म्हणून पाठवलेलं चित्र स्वतः पुन्हा जेपेगमध्ये दाबतं, तुम्ही पीएनजी दिलं तरी. तिथे फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणूनच जाणार असेल तर ग्रेडियंटलाच थोडा जाडा पोत द्या, ब्रशचे फटकारे किंवा कागदासारखा दाणा, दोन-तीन पिक्सेल आकाराचा आणि चार-पाच पायऱ्यांचा. तो चौकोनांच्या गोल करण्यातून बऱ्यापैकी वाचतो, बारीक नॉइज वाचत नाही.