५जी चिन्ह दिसलं म्हणून भुलू नकोस

भावा, आधी एक पक्कं कर: साताऱ्यात तुझ्या मोबाइलवर दिसणारं ५जी मिलीमीटर वेव्हचं नाही. मिलीमीटर वेव्ह म्हणजे खूप उंच फ्रिक्वेन्सीचं ५जी, आपल्याकडे २६ गिगाहर्ट्झवर, म्हणजे n258 या बँडवर, फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर. वेग प्रचंड, पण भिंत किंवा झाडाचा पाला मधे आला तरी सिग्नल पडतो. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक फोन तो पकडतच नाहीत. त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजू नकोस.

आपलं सगळं सब-सिक्समधलं, म्हणजे ६ गिगाहर्ट्झच्या खालचं, पण त्यातही फरक आहे. n78 म्हणजे साधारण ३.५ गिगाहर्ट्झ: वेग चांगला, पल्ला कमी. n28 म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ: लांब जातो, घरात शिरतो, पण वेग बेताचा.

सॅमसंग असेल तर डायलरवर `*#0011#` टाक आणि NR च्या, म्हणजे ५जीच्या ओळीत बँड बघ. काही मॉडेलवर हा कोड चालत नाही.

मी पोवई नाक्यावर बघितलं तर n78, घरी आतल्या खोलीत n28. कांड्या दोन्हीकडे भरलेल्या, वेगात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. नवखे इथंच फसतात, कांड्या मोजतात आणि सिम बदलायला पळतात. आधी खिडकीशी जाऊन बँड बदलतो का बघ.