व्याज पूर्ण पडलंय, तक्रार करायची ती दुसरीकडे

«पीएफ पासबुकाचा स्क्रीनशॉट पाठवतोय. ३१ मार्च २०२५ ला माझे, कंपनीचे आणि वर्षभरात पेन्शनला गेलेले मिळून ७,१५,२०० रुपये होते. सव्वाआठ टक्क्यांनी ५९,००० व्हायला हवेत, पडले ५३,२८९. तक्रार कुठे करू? वैतागून पीएफमधून ॲडव्हान्स काढला आणि एका खात्रीच्या विमा योजनेत टाकला. दहा वर्षं दरसाल एक लाख, विसाव्या वर्षी थेट वीस लाख. पॉलिसी गेल्या आठवड्यात हातात आली.»

तक्रार करू नका, व्याज बरोबर आहे. पेन्शनच्या रकान्यातल्या १५,००० वर व्याज मिळतच नाही. त्या रकान्यात `Int. Updated upto 31/03/2025` समोर शून्य दिसेल. बाकी पैशांवर व्याज मोजतात ते दर महिन्याच्या शिलकेवर, आणि ते वर्षाअखेरीस एकदम जमा होतं. महिन्यात आलेल्या वर्गणीला पुढच्या महिन्यापासून व्याज लागतं. म्हणजे एप्रिलात जमा झालेली वर्गणी अकरा महिने कमावते, मार्चची शून्य.

तुमची सुरुवातीची शिल्लक ६ लाख, तिचे ४९,५००. तुमचे ४,८०० आणि कंपनीचे ३,५५० मिळून महिन्याला ८,३५०. अकरापासून शून्यापर्यंतची बेरीज ६६, महिन्याचा दर ०.६८७५ टक्के. ८,३५० गुणिले ६६ गुणिले तो दर, झाले सुमारे ३,७८९. बेरीज ५३,२८९, रुपयाला रुपया. चार-दोन रुपयांचा फरक असता तरी मी सोडून दिला असता. शेकड्यांत असता तर कंपनीने एखादी वर्गणी उशिरा भरली का, ते जमा तारखेवरून पाहायला सांगितलं असतं.

आता तुम्ही न विचारलेलं. पाच हजारांच्या न झालेल्या नुकसानीवर रागावून तुम्ही खरं नुकसान विकत घेतलंय. दहा लाखांचे वीस, पण सरासरी साडेपंधरा वर्षांनी. परतावा पडतो वर्षाला साडेचार टक्के. एजंट «दुप्पट» म्हणतो, टक्के सांगत नाही. का, ते कळलं असेल. हेच हप्ते सव्वाआठ टक्क्यांनी वाढले तर विसाव्या वर्षी ३५ लाख होतात. पीएफचा दर दरवर्षी ठरतो, तो वीस वर्षं हाच राहील असं मी म्हणत नाही. पण साडेचारवर यायला त्याला बरंच घसरावं लागेल.

पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. आजच विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. एजंटकरवी पाठवू नका, तो तारीख टाळत बसेल. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा भार, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत येतात.

काढलेला ॲडव्हान्स पीएफमध्ये तसाच परत भरता येत नाही. पण दरसाल लाखभर टाकायची तयारी असेल तर पगारातूनच ऐच्छिक वर्गणी वाढवा, दर तोच मिळतो. तुमची नेहमीची ५७,६०० धरूनही एकूण वर्गणी अडीच लाखांच्या आतच राहते, त्यामुळे व्याजावर कर लागायचा प्रश्न येत नाही. कंपनीच्या पगार विभागाला विचारा, काही ठिकाणी हा बदल फक्त एप्रिलमध्येच करू देतात.