लेहला गेलेल्या पोराला पहिलं पत्र

प्रश्न: माझा मुलगा अग्निवीर आहे. ट्रेनिंग संपवून नुकताच लेहकडे पोस्टिंगवर गेला. फोन कधी लागतो, कधी नाही. आम्ही वणीजवळच्या खेड्यात राहतो. त्याला पत्र लिहायचं आहे. सुरुवातीच्या महिन्यांत कामी येईल असं काय लिहू, आणि पत्ता कसा घालू?

उत्तर:

ताई, माझा मुलगा जुन्या भरतीचा. त्याचीही पहिली पोस्टिंग लडाखलाच होती, आणि आम्ही दारव्हा तालुक्यातले, म्हणजे बर्फ फक्त गोळेवाल्याकडं पाहिलेली माणसं. "काळजी घे, देवाचं नाव घे" एवढंच लिहिलं तर पोरगा वाचून खिशात ठेवतो. त्याच्या कामाचं जे आहे ते पत्रात आधी येऊ द्या.

लेह साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथं हवेचा दाब आपल्याकडच्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असतो, म्हणून प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. अंगाला ते सवयीचं व्हायला वेळ लागतो. सैन्यात यासाठी ठरलेली पद्धत आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस थांबवतात. त्यातले पहिले दोन दिवस आराम आणि थोडं इकडंतिकडं फिरणं, मग हळूहळू चालणं, शेवटी थोडा चढ. त्यापेक्षा वर, पंधरा हजारांपर्यंत जायचं तर आणखी चार दिवस, आणि त्याच्याही वर जायचं तर पुन्हा चार. रजेवर घरी येऊन परत गेला की शरीराला पुन्हा सवय करावी लागते.

गोची अशी की तब्येत कितीही दणकट असली तरी यात सूट नाही. उलट भरतीत १६०० मीटर पहिला पळालेला पोरगाच पहिल्या दिवशी जोरात चालून दाखवतो आणि आजारी पडतो. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, ही पहिली खूण. एवढ्यावर आराम केला तर बहुतेक वेळा उतरतं. पण बसल्याजागी धाप लागली, रात्री खोकला वाढला, फेस किंवा गुलाबी थुंकी आली, तर फुफ्फुसात पाणी साचत असतं. चालताना झोक जायला लागला, बोलणं भरकटलं, तर मेंदूला सूज असू शकते. या दोन्हींवर खरा उपाय म्हणजे प्राणवायू देऊन त्याला खाली उतरवणं, आणि ते लवकर व्हावं लागतं. नवीन पोरं हे लपवतात, कारण "कच्चा निघाला" असं कोणी म्हणू नये. आईचं पत्र खरं तर याच ठिकाणी उपयोगी पडतं, कारण हे बोलायची मोकळीक त्याला घरूनच मिळायला हवी.

मी लिहिलं होतं ते जवळपास असं:

"बाबू, तू पोचला असशीन. तिथं पहिले काही दिवस तुमाले आराम करायले लावतात म्हणे. तो आराम म्हणजे ड्युटीच समजजो. उगाच पयापयी करून कोणाले दाखवू नको, गावात तू कसा पयतो ते सगळ्याले माहीत हाय. डोकं दुखलं, उलटीवानी वाटलं, तर त्याच घडीले नर्सिंग असिस्टंटले सांगजो. दारू तं घेत नायीच, झोपेची गोयी बी कोणी देली तं घेऊ नको, त्यानं रातचा श्वास आनखी मंदावते म्हणे. तहान लागो न लागो, पानी पित राहाजो, तिथली हवा अंगातलं पानी ओढते. मोजे ओले झाले तं लगेच बदलजो. बोटं लाल होऊन खाजली, बधिर झाली, तं चोळू नको आन् बुखारीजवय शेकू नको, आधी दाखवजो. आन् बुखारी पेटवून खोली पुरी बंद करून झोपू नको. हवेले फट राहू देजो."

बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी शेगडी. ती बंद खोलीत पेटली तर विषारी वायू साचतो, त्याला ना रंग ना वास. सकाळी खोलीतल्या सगळ्यांचंच डोकं दुखत असेल, तर उंचीच्या आधी बुखारीवर संशय घ्यावा. तुम्हीही हे ठळक लिहा.

पुढं घरचं लिहा, पण अर्धवट सोडू नका. "कापसावर बोंडअळी पडली" एवढंच लिहिलं तर तो तिथं बसून कुढत राहतो, करता काही येत नाही. मी लिहायचे, "अळी दिसली, बाबांनी कामगंध सापळे लावले, फवारणी तोंडाला फडकं बांधून केली, तब्येत ठीक हाय." म्हणजे काय झालं आणि त्याचं काय केलं, दोन्ही. कर्जाची गोष्ट सांगायचीच असेल तर एका वाक्यात सांगा, पण "तुझ्या पगारावर सगळं अवलंबून" हे मात्र नको. पहिल्या वर्षी त्याच्या महिन्याच्या ३०,००० रुपयांतले हातात २१,००० पडतात, उरलेले सेवा निधीत जातात. गावातले लोक आकडा मोठा करून सांगतात, तुम्ही तरी त्याला हिशेब विचारत बसू नका. रजेचंही तसंच. शेजारच्या जुन्या फौजीची वर्षाची मोठी रजा साठ दिवसांची, अग्निवीराला तीस. "दोन महिने येशीन ना?" लिहिलं तर पोराला उगाच वाईट वाटेल.

प्रश्न असे विचारा की त्याला उत्तर देता येईल. चौकी कुठं, किती जण आहेत, समोर काय दिसतं, हे तो सांगू शकत नाही आणि त्यानं सांगूही नये. झोप कशी लागते, जेवणात काय असतं, खोलीत सोबत कोण्या गावचे पोरं आहेत, पाणी गोठलं की काय करता, एवढं विचारलं तरी पान भरून उत्तर येतं. आपल्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरही त्याच्या युनिटचं नाव टाकू नका.

पत्त्यात लेहचं नावच घालायचं नाही. सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, मग केअर ऑफ ५६ एपीओ आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे ५६, पूर्वेकडे ९९ असतं. हे सगळं त्याच्याकडूनच एकदा नीट लिहून घ्या आणि पाकिटावर इंग्रजी अक्षरांत घाला. पाठवणाऱ्याच्या जागी आपला गावाचा पत्ता पूर्ण लिहा, म्हणजे पत्र हुकलं तर परत येईल.

पत्राला तारीख टाका आणि क्रमांकही द्या. हिवाळ्यात रस्ते बर्फानं बंद होतात, विमानही हवामान पाहून जातं, त्यामुळे दोन-तीन पत्रं एकदम मिळतात आणि कोणतं आधीचं हे कळत नाही. खाऊ पाठवायचा तर जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिळाचे लाडू चालतात. तेलातलं लोणचं नको, बरणी फुटली की पूर्ण पार्सल खराब. सांडग्या मिरच्या माझ्या पोरानं मागितल्या होत्या, त्या तळायला तिथं कोण बसणार, म्हणून मी तळूनच डब्यात भरल्या.