प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये चॅटबॉटची मदत नमूद करावी का?

‘सर, संदर्भ-आढाव्याचा पहिला मसुदा मी चॅटजीपीटीकडून करून घेतला, मग सुधारला. हे रिपोर्टमध्ये सांगावं लागेल का?’

हो, सांगावंच लागेल. नुसतं शुद्धलेखन तपासलं असतंस तर मी एवढा आग्रह धरला नसता. इथे मजकुराची रचनाच त्याची आहे. कार्यपद्धतीच्या प्रकरणात साधं लिही: ‘दुसऱ्या प्रकरणाचा पहिला मसुदा चॅटजीपीटीने केला, तो मी सुधारला आणि प्रत्येक संदर्भ मूळ लेखाशी ताडून पाहिला.’ सोबत आवृत्ती आणि तारीख दे.

त्यातलं ताडून पाहणं मात्र खरोखर कर. चॅटबॉट कधीकधी खऱ्या संशोधकांच्या नावावर अस्तित्वातच नसलेले लेख देतो. प्रत्येक लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून शीर्षक, लेखक, वर्ष जुळतंय का बघ. लेख सापडला नाही, तर त्यावर आधारलेलं वाक्यही काढून टाक.