१.५ जीबीवरून १ जीबीच्या प्लॅनवर उतरू का?

प्रश्न: मोबाइल डेटा वापराचा स्क्रीनशॉट टाकलाय, १ ते १९ जून, एकूण १८.४ जीबी. यूट्यूब ९.१, इन्स्टा ४.६, हॉटस्पॉट २.१, क्रोम १.२, व्हॉट्सअॅप ०.९, बाकी ०.५. सध्या रोज १.५ जीबीचा प्लॅन आहे. मिस्टर म्हणतात सरासरी १ जीबीच येतेय, १ जीबीवाला घे. पण ऑफिसच्या दिवशी घरी येताना ट्रेनमध्ये नेट संपतं. घरी वायफाय आहे, ठाण्याहून वाशीला आठवड्यात ४ दिवस जाते.

उत्तर: १ जीबीवर उतरू नका. मिस्टरांचा भागाकार बरोबर आहे, १८.४ भागिले १९ म्हणजे ०.९७, पण तुमचा डेटा रोज सारखा जातच नाही ना, तो ऑफिसच्या दिवशीच जातो आणि रोजचा कोटा रात्री १२ ला संपतो, उरलेला उद्याला मिळत नाही.

आता असं बघा. १९ दिवसांत ऑफिसचे साधारण ११ दिवस, घरचे ८. घरी वायफाय असलं तरी बाजारात, रिक्षात थोडा मोबाइल डेटा जातोच, तो दिवसाला पाव जीबी धरला तर ८ दिवसांचे २ जीबी. राहिले १६.४, ते ११ दिवसांत वाटले की दिवसाला १.४९ येतात. म्हणजे बरोब्बर तुमच्या १.५ च्या छतावर! हा आकडा तुमची गरज दाखवत नाही, कोटा कुठे संपला ते दाखवतो. नेट संपल्यावर स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हिडिओ चालतच नाही, मग स्क्रीनशॉटमध्ये तो वापर दिसणार कुठून? माझं स्वतःचं असंच झालं होतं, ऐरोलीहून ठाण्याला जायचे तेव्हा सरासरी बघून खालचा प्लॅन मारला आणि पहिल्याच आठवड्यात तीन डेटा बूस्टर घ्यावे लागले.

खरी गरज कळायला एक दिवस मोजा. ऑफिसच्या दिवशी सकाळी घरातून निघताना सेटिंगमधल्या मोबाइल डेटा वापराचा स्क्रीनशॉट काढा, त्या दिवशी एक छोटा बूस्टर टाका, नेहमीसारखं वापरा, घरी आल्यावर परत स्क्रीनशॉट काढा आणि प्रत्येक अॅपचा सकाळचा आकडा रात्रीच्यातून वजा करा. दोन-तीन दिवस केलंत तर अजून बरं, एखाद्या दिवशी ट्रेन लेट असते आणि रील जास्त बघून होतात. आयफोन असेल तर एक लक्षात ठेवा, तिथला Current Period आपोआप महिन्याला रीसेट होत नाही, मागच्या दोन वर्षांचा आकडाही असू शकतो, पण वजाबाकी केली की तो प्रश्न उरत नाही. अँड्रॉइडमध्ये सायकल बहुतेक १ तारखेपासून असते, तुमचा रिचार्ज मध्येच कधीतरी संपतो, त्यामुळे ती सायकल म्हणजे रिचार्जची मुदत असं समजू नका.

समजा ऑफिसच्या दिवशी २ जीबी निघाले. २८ दिवसांत ऑफिसचे १६ दिवस, म्हणजे ३२ जीबी, आणि घरचे १२ दिवस पाव-पाव जीबीचे ३, एकूण ३५. रोज २ जीबीचा प्लॅन घेतलात तर पैसे ५६ जीबीचे भराल. म्हणून रोजची मर्यादा नसलेला, महिन्याला एकगठ्ठा डेटा देणारा प्लॅन तुमच्या कंपनीत ३५ च्या वर मिळत असेल तर तोच तुम्हाला सगळ्यात सोयीचा, फक्त किंमत भागिले दिवस करून मगच तुलना करा. २८ दिवसांचे वर्षात १३ रिचार्ज होतात, ते विसरायला होतं.

पण त्याआधी यूट्यूबकडे बघा, कारण अर्धा डेटा तिथेच जातोय. घरी वायफायवर बघत असाल तर हे ९.१ जवळजवळ सगळे प्रवासातले, म्हणजे ऑफिसच्या दिवशी ०.८ जीबी. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कसाठी क्वालिटी Data saver करा, मोबाइलच्या स्क्रीनवर ४८० किंवा ३६० ला फार फरक वाटत नाही आणि डेटा ७२० च्या निम्म्याहून कमी लागतो. जे व्हिडिओ डाउनलोड होतात ते रात्री वायफायवर करून ठेवा, वाशी ते ठाणे अर्ध्या तासात नेट लागतच नाही. ह्या दोन बदलांनी ऑफिसच्या दिवसाचे २ जीबी १.५ च्या आत येण्यासारखे आहेत, मग आहे तोच प्लॅन पुरेल. पण ते एक आठवडा करून, परत मोजून मग ठरवा.

आणि प्लॅनमध्ये अनलिमिटेड ५जी असेल तर स्क्रीनशॉटमध्ये ५जीचा वापरही मोजला जातो, कोट्यातून मात्र तो कटत नाही, त्यामुळे तेव्हा फोनचा आकडा न धरता कंपनीच्या अॅपमधला उरलेला कोटा बघा. तुमचं नेट ऑफिसच्या दिवशी संपतंय म्हणजे तुम्ही बहुतेक ४जीवरच आहात. हॉटस्पॉटचे २.१ कोण वापरतं तेही बघा, लॅपटॉप जोडला असेल तर त्याचे अपडेट त्यातूनच जातात, लॅपटॉपमध्ये त्या नेटवर्कला मीटर्ड करून टाका.