भजनातला बेसूर स्वर दुरुस्त करताना

आधी एक पाहा: आवाज आणि पेटी वेगळ्या ट्रॅकवर आहेत का? मोबाइलवर सगळं एकत्र रेकॉर्ड झालं असेल, तर आवाजाचा स्वर सरकवताना पेटीचाही सरकतो आणि स्वर दुहेरी ऐकू येतो. अशा वेळी सुधारणेच्या नादी लागू नका. ध्रुपद पुन्हापुन्हा येतंच, त्यातली सुरेल ओळ उचलून बेसूर जागी बसवा. लय वाढलेली नसेल तर ती चपखल बसते. व्हिडिओ असेल आणि ओठ जुळले नाहीत तर त्या क्षणी टाळकऱ्यांचं दृश्य दाखवा.

ट्रॅक वेगळे असतील तर पेटीची पट्टी ट्यूनरवर तपासा. पेटी 440 ऐवजी 446 हर्ट्झला लागलेली असेल, तर ती सुमारे 23 सेंट चढी असते, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळपास पाव भाग. सॉफ्टवेअर मात्र 440 धरून आवाज खाली ओढतं आणि सुरेल गायलेलंही बेसूर होतं. म्हणून संदर्भस्वर आधी बदला.

स्वयंचलित दुरुस्ती बंदच ठेवा. मेलोडाइन या स्वर दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा रीपरमधल्या रीट्यूनच्या हाताने दुरुस्तीच्या पर्यायात फक्त लांब धरलेले स्वर निवडा. समजा पंचम 40 सेंट उतरला आहे, तर तो 30 सेंटने वर उचला, उरलेले 10 राहू द्या. स्वराची आतली थरथर सपाट करू नका, आवाज यंत्राचा वाटतो तो तिथेच. मींडेला हात लावायचा नाही. ती पायऱ्यांत तुटली की लगेच कळतं.

शेवटी पेटीसोबत ऐका. एकटा आवाज ऐकून दुरुस्त्या वाढतच जातात.