टीपी रिपोर्टमधलं मार्जिन रेंजमध्ये बसतंय, तरी सेगमेंट आणि डेबिट नोट्स पाहा

प्रश्न: आमचा चाकणला मशिनिंगचा कारखाना आहे. जर्मनीतल्या ग्रुप कंपनीला माल जातो, बाकीचा भारतातच विकतो. ग्रुप कंपनीसोबतच्या किमती बाजाराला धरून आहेत का हे दाखवणारा कन्सल्टंटचा ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे टीपी रिपोर्ट आलाय, मार्जिन रेंजमध्ये आहे म्हणतात. तिकडून वर्षभर क्वालिटीच्या डेबिट नोट्सही येत असतात. फॉर्म ३सीईबीवर सही होण्याआधी मी नक्की काय तपासू?

उत्तर:

तुलनेसाठी घेतलेल्या कंपन्यांची यादी सगळ्यात आधी उघडू नका. त्यावर कन्सल्टंटने आधीच मेहनत घेतलेली असते आणि आयकर अधिकारी त्यात आपली भर घालणारच असतो. तुमच्या हातात असलेली आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे निर्यातीचा वेगळा काढलेला नफा-तोटा, म्हणजेच सेगमेंट. तो चुकला असेल तर रेंज कितीही चोख काढलेली असली तरी उपयोग नाही.

मी तपासलेली एक फाईल सांगतो. कारखाना तुमच्यासारखाच होता, आकडे समजायला सोपे केलेत. एकूण विक्री १०० कोटी, त्यातली ४० कोटींची ग्रुप कंपनीला. रिपोर्टमध्ये निर्यातीचा खर्च ३६.५ कोटी दाखवला होता. म्हणजे नफा साडेतीन कोटी, खर्चावर सुमारे ९.६ टक्के. तुलनेतल्या कंपन्यांची ३५ ते ६५ पर्सेंटाइलची रेंज ७.२ ते १०.१ टक्के, मध्यक ८.६. वरवर पाहता सगळं ठीक.

मी सामाईक खर्चाच्या वाटपाचा तक्ता मागवला. वीज, मेंटेनन्स, सुपरवायझर, टूल रूम मिळून १२ कोटींचा खर्च होता आणि तो विक्रीच्या प्रमाणात वाटला होता. निर्यातीला ४० टक्के, म्हणजे ४.८ कोटी. पण निर्यातीचे भाग किचकट होते, टॉलरन्स बारीक आणि सायकल टाइम मोठा. प्रॉडक्शनकडून मशीन-तासांचा हिशेब घेतला तेव्हा निर्यातीने ४८ टक्के तास खाल्ले होते. त्या हिशेबाने वाटा ५.७६ कोटी होतो, म्हणजे रिपोर्टमध्ये ९६ लाख कमी धरले होते. विक्रीवर वाटप करणं नेहमीच चूक असतं असं नाही. सगळे भाग साधारण सारखे असतील तर ते चालतं. पण इथे चालणार नव्हतं आणि तो तक्ता अधिकाऱ्यानेही मागितला असता. तुम्हीही कन्सल्टंटला विचारण्याआधी शॉप फ्लोअरवरून तासांचा तक्ता घ्या.

आता डेबिट नोट्स. त्या वर्षी जर्मनीहून ७० लाखांच्या आल्या होत्या, काही सॉर्टिंगच्या, काही वॉरंटीच्या. पुस्तकात त्या 'इतर खर्च' खात्यात होत्या आणि सेगमेंटमध्ये आल्याच नव्हत्या. वरचे ९६ लाख आणि या नोट्स दोन्ही धरल्या की निर्यातीचा खर्च ३८.१६ कोटी होतो, नफा १.८४ कोटी उरतो आणि मार्जिन ४.८ टक्क्यांवर येतं. रेंजच्या पार खाली. मग किंमत मध्यकाला आणावी लागते: ३८.१६ कोटींवर ८.६ टक्के म्हणजे ३.२८ कोटी नफा हवा, तूट १.४४ कोटी.

इथे डेबिट नोट्स एकेक करून वाचायला लागतात आणि तो वेळ वाया जात नाही. रिपोर्टच्या फंक्शनल अ‍ॅनालिसिसमध्ये लिहिलेलं असतं की डिझाइन ग्रुप कंपनीचं, ड्रॉइंग त्यांचं, बाजारपेठेचा धोका त्यांचा आणि आपण फक्त कंत्राटी उत्पादक. तसं असेल तर डिझाइनमुळे आलेल्या बिघाडाचा खर्च आपल्या माथी का? प्रत्येक नोटेसोबत तक्रारीचा नंबर, लॉट, मूळ इन्व्हॉइस, सॉर्टिंगचे तास आणि दर, आणि आपल्या क्वालिटी विभागाचा, तक्रारीचं मूळ कारण शोधणारा ८डी रिपोर्ट जोडलेला असायला हवा. ८डीमध्ये मूळ कारण काय लिहिलंय ते पाहा. त्या फाईलमधली ४५ लाखांची एक नोट अशा लॉटची निघाली, ज्याचं मूळ कारण ड्रॉइंगमधला बदल होता आणि ते जर्मनीच्या इंजिनिअरनेही ईमेलमध्ये मान्य केलं होतं. उरलेली २५ लाखांची चूक खरोखर आपल्या मशिनिंगची होती. ती आपलीच.

ग्रुप कंपनीने ते ४५ लाख क्रेडिट करून परत दिले. खर्च ३७.७१ कोटींवर आला, मार्जिन ६.१ टक्के. अजूनही रेंजखाली, पण तूट १.४४ कोटींवरून साधारण ९५ लाखांवर आली. हा फरक महत्त्वाचा आहे. ही तूट स्वतःहून उत्पन्नात धरणं, म्हणजेच प्राथमिक समायोजन, एक कोटीच्या वर गेलं तर कलम ९२सीई लागतं: ती रक्कम ठरलेल्या मुदतीत, सर्वसाधारणपणे ९० दिवसांत, परदेशातून खरोखर आणावी लागते. नाही आली तर ती दिलेली आगाऊ रक्कम समजून व्याज धरलं जातं, किंवा १८ टक्के अधिक सरचार्ज असा जादा कर भरून मोकळं व्हावं लागतं. म्हणून कुठल्याही नोटेला ओढूनताणून 'डिझाइनची चूक' ठरवू नका. कागद असेल आणि पैसे खरोखर परत आले असतील तेवढंच धरा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे ही तपासणी पुस्तकं बंद व्हायच्या आत, फेब्रुवारी-मार्चमध्ये करणं. करारात वर्षअखेरीच्या किंमत-दुरुस्तीचं कलम असेल तर तेव्हाच पूरक डेबिट नोट काढता येते आणि समायोजनाची वेळच येत नाही. उलट, मार्जिन रेंजच्या वर असेल तर टीपीच्या नावाखाली उत्पन्न कमी करता येत नाही. कलम ९२(३) त्याला आड येतं.

जर्मनीच्या नोटा निर्यातीच्या पैशातून परस्पर कापून घेतल्या असतील तर निर्यातीच्या वसुलीची नोंद ठेवणाऱ्या बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत ती शिपिंग बिलं अपुऱ्या वसुलीची म्हणून उघडी दिसतील. ती यादी मागवा. कुठलीही नोट पुस्तकातून निसटली असेल तर ती इथे सापडते.

फॉर्ममध्येही निर्यात आणि डेबिट नोट्स एकमेकांत वजा करून एकच आकडा लिहू नका, वेगळे दाखवा. व्यवहार सांगायचा राहिला तर कलम २७१एए खाली त्याच्या मूल्याच्या २ टक्के दंड आहे. हेच आकडे ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या संबंधित पक्षांच्या टिपेशी जुळवून घ्या.

ग्रुपकडून आयटी किंवा मॅनेजमेंट चार्ज येत असेल तर तो निर्यातीच्या मार्जिनमध्ये मिसळून गेला म्हणून निश्चिंत राहू नका. अधिकारी तो वेगळा काढून शून्य धरू शकतो, त्यामुळे काय सेवा मिळाली याचे तिकिटं, लायसन्स, ईमेल असे पुरावे जमवा. निर्यातीचे पैसे करारापेक्षा फार उशिरा येत असतील तर थकबाकी हाही वेगळा व्यवहार धरला जातो. रिपोर्टमध्ये वर्किंग कॅपिटलचं समायोजन केलंय का तेवढं बघा.

मी दिलेली कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत आणि मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षाला तीच लागू आहेत. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, पुढच्या वर्षाच्या फाईलमध्ये त्यातले क्रमांक वापरा. या वर्षाचा फॉर्म आणि कागदपत्रं दोन्ही ३१ ऑक्टोबरपर्यंत तयार हवीत. नोटीस आली की कागद द्यायला आता मुळात १० दिवसच मिळतात, पूर्वी ३० मिळायचे. म्हणून मशीन-तासांचा तक्ता आणि ८डी रिपोर्ट आताच तारखेसह, प्लँट हेडच्या सहीने फाईलला लावून ठेवा. दोन वर्षांनी तो माणूस कंपनीत असेलच असं नाही.